नलिकांतील दाबऱ्हास व उष्णतावहन

उष्णताविनिमयकाच्या नलिकांतून द्रव वेगाने नेल्यास उष्णतावहन वाढते. परंतु त्यासाठी पंपास द्यावी लागणारी शक्ती त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात वाढते. अकोला जिल्ह्यातील पारस येथे २५० मेगावॉटचे वीजसंच आहेत. अशा औष्णिक केंद्रातील, नलिकांतून थंड पाणी व बाहेरून वाफ असलेल्या संघनकाचे उदाहरण घ्यावे. पाण्याचा एकूण प्रवाह व नलिकांची संख्या कायम ठेवून एका फेऱ्याऐवजी दोन फेरे योजिले, तर वेग दुप्पट आणि मार्गही दुप्पट होतो. क्षुब्ध प्रवाहात पाण्याच्या बाजूचा उष्णतावहन-गुणांक वेगाच्या ०.८ घाताने, म्हणजे सुमारे १.७४ पट वाढतो; दाबऱ्हास मात्र सुमारे सातपट होतो, आणि प्रवाह तोच असल्याने त्यावर खर्ची पडणारी पंपशक्तीही सातपट होते. त्यातही एकूण रोधापैकी निम्माच पाण्याच्या बाजूस असेल, तर वाफेचा, धातूचा व मळीचा रोध तसाच राहून एकूण गुणांक जेमतेम २७ टक्के वाढतो. म्हणून प्रथम रोध कोठे आहे हे तपासावे, मगच वेगाचा विचार करावा, हाच शहाणपणाचा क्रम होय.

वेग फार कमी ठेवणेही अहितकारक, कारण गाळ नलिकांत बसतो. फार वाढविल्यास तांब्याच्या मिश्रधातूच्या नलिका मुखाशी झिजतात. प्रवाह तोच असता दाबऱ्हास वाढून निर्वात उतरला, तर नलिकांत मळी साचली असे समजावे. दाबऱ्हास न वाढता निर्वात उतरल्यास वाफेच्या बाजूस हवा शिरल्याचा संशय प्रथम घ्यावा.