ग्राहकाचे सोंग आणि विक्रीची वही

१९८३ साली कॅलिफोर्नियात अ‍ॅलन कूपर एकट्याने प्रकल्प-नियोजनाचे एक सॉफ्टवेअर लिहीत होता. सुरुवातीलाच त्याने ज्यांना असे सॉफ्टवेअर लागेल अशा सात-आठ जणांशी बोलून घेतले होते. त्यांतली एक बाई जाहिरात कंपनीत कामाला होती. तिच्या कामाला तिथे ‘ट्रॅफिक’ म्हणत: कोणते काम कोणाकडे द्यायचे, कोणाचे हात रिकामे आहेत, कोणावर बोजा जास्त पडला आहे, हे तिने रोज जुळवायचे. त्या काळी यंत्रे मंद होती आणि मोठा प्रोग्राम कंपाइल व्हायला बराच वेळ लागे. तेवढ्यात कूपर जवळच्या गोल्फ मैदानावर फिरायला जाई आणि त्या बाईवर बेतलेल्या व्यवस्थापकाचे सोंग घेऊन स्वतःशीच मोठ्याने, हातवारे करत बोले. ‘मला आता काय हवे? ही खिडकी मी उघडीन का? हे बटण माझ्या कोणत्या कामाचे?’ वारा आणि धुके असल्यामुळे मैदानावर सहसा कोणी नसे, म्हणून संकोच नव्हता. परत आल्यावर सॉफ्टवेअरमधली बरीच गुंतागुंत त्याला बिनकामाची वाटू लागे. हे सॉफ्टवेअर पुढे ‘सुपरप्रोजेक्ट’ या नावाने बाजारात आले. आज ज्याला ‘पर्सोना’ म्हणतात त्या तंत्राचे मूळ मी या फेरफटक्यात मानतो.

या जन्मकथेत एक गोष्ट सहज नजरेतून निसटते आणि माझा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. कूपरने हे सोंग घेतले तेव्हा त्याच्याकडे विक्रीची एकही नोंद नव्हती. माल तयार नव्हता, मग ग्राहक आणि बिले कुठून असणार? त्यामुळे पर्सोना जन्मली ती निव्वळ मुलाखतींच्या आणि अभिनयाच्या बळावर. माणूस एखादी गोष्ट का करतो, कुठे अडतो, कशाला कंटाळतो, हे ती नेमके सांगते. अशी माणसे किती, ती पैसे देतात का, पुढच्या वर्षी टिकतात का, हे मात्र तिला मुळातच माहीत नसते. आज छोट्या कंपन्यांमध्ये पर्सोना भिंतीवर चिकटतात आणि सहा महिन्यांत कोणी त्यांच्याकडे पाहत नाही, त्याचे कारण मला या जन्मखुणेतच दिसते.

कागदावरची, नाव असलेली पर्सोना यायला आणखी बारा वर्षे लागली. १९९५मध्ये सेजंट नावाच्या कंपनीसाठी कूपर काम करत होता. तिचे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या साठलेल्या आकडेवारीतून अहवाल काढणारे होते. तिथले अभियंते वापरणारा कोण हे ठरवताना स्वतःलाच डोळ्यांसमोर धरत. कूपरने ग्राहकांना भेटण्याचा आग्रह धरला. भेटींतून त्याला तीन वेगळे गट दिसले: तयार नमुन्यातून अहवाल काढणारा, ते नमुने बनवणारी आणि या दोघांची यंत्रणा सांभाळणारा. एकटा असता तर त्याने पूर्वीसारखे सोंग घेतले असते. इथे एका अख्ख्या चमूला पटवायचे होते. म्हणून त्याने तिघांना चक, सिंथिया आणि रॉब अशी नावे दिली आणि त्यांची वर्णने लिहून काढली. म्हणजे पर्सोनाचा कागद ही मूळ वस्तू नाही, ते सोंग दुसऱ्याच्या हाती देण्याचे साधन आहे. हे विसरले की कागदच साध्य होऊन बसतो. वय, छंद आणि हसरा फोटो भरला जातो, पण ते सोंग घेऊन पडद्यासमोर कोणी बसत नाही.

या कुळावर दुसऱ्यांचाही हक्क सांगितला जातो आणि ते दावे पोकळ नाहीत. जेफ्री मूरने १९९१च्या ‘क्रॉसिंग द कॅझम’ या पुस्तकात लक्ष्य-ग्राहकाची काल्पनिक व्यक्तिरेखा लिहायला सांगितले आहे: त्याचे पद काय, आजचा त्याचा दिवस कसा जातो, आपला माल आल्यावर कसा जाईल. छापील तारीख पाहिली तर हे चक-सिंथियाच्या आधीचे. इंग्लंडमध्ये अँगस जेंकिन्सनने १९९४च्या सुमारास नेमका दुसऱ्या टोकाकडून प्रवास केला. तो थेट विपणनातला, म्हणजे टपालाने माल विकणाऱ्यांच्या परंपरेतला. या परंपरेत कोणी शेवटची खरेदी केव्हा केली, किती वेळा केली आणि किती रुपयांची केली, हे वहीत असते आणि ग्राहकांची प्रतवारी त्यावरून होते. अशा प्रतवारीतल्या गटांना चेहरा आणि रोजचा दिनक्रम द्यावा, असे जेंकिन्सनचे म्हणणे होते. ओगिल्व्हीसारख्या जाहिरात समूहाने ते उचलले. मूर आणि जेंकिन्सन यांना मी पर्सोनाचे जनक मानत नाही, कारण दोघांचा प्रश्न ‘कोणाला विकावे’ हा आहे. कूपरचा प्रश्न ‘वापरताना हा काय करील’ हा होता आणि पर्सोनाची ताकद त्याच प्रश्नात आहे. पण जेंकिन्सनच्या हातात जी वही होती ती कूपरकडे नव्हती. माझ्या मते पर्सोनाची दोन घराणी आहेत, मुलाखतीचे आणि वहीचे, आणि त्यांची सोयरीक लावणे हे छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे खरे काम आहे. मोठ्या कंपनीत वही एका खात्यात आणि मुलाखती दुसऱ्या खात्यात अडकतात. छोट्या कंपनीत दोन्ही एकाच टेबलावर असतात.

ही सोयरीक कशी लागते ते एका कल्पित कंपनीवर पाहू. समजा, सहा माणसांची एक कंपनी औषध दुकानांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर विकते. ग्राहक २४०, परवाना दरवर्षी नव्याने घ्यायचा. पहिली पायरी वहीची: प्रत्येक दुकानापुढे परवान्याची तारीख, दिलेली सवलत, किती संगणकांसाठी घेतला, नूतनीकरण वेळेवर की उशिरा, आणि मदतीसाठी आलेले फोन, तारीख व नंबरासह. मुलाखतीची माणसे या यादीतून निवडायची: वेळेवर पैसे देणारे काही, उशिरा देणारे काही, दुसरा संगणक वाढवलेले काही, सोडून गेलेले तीन-चार आणि वर्षभरात एकदाही फोन न केलेले दोघे-तिघे. हे शेवटचे दोन गट आवर्जून हवेत. छोट्या कंपनीचा मालक म्हणतो, ‘माझे ग्राहक मला नावानिशी माहीत आहेत.’ ते खरेही असते, पण माहीत असतात ते फोन करणारे. गप्प बसलेला आणि निघून गेलेला त्याच्या डोळ्यांसमोर नसतो, वहीत मात्र असतो.

आता मुलाखती. त्या दुकानात, काउंटरशेजारी घ्यायच्या आणि ‘तुम्हाला काय आवडेल’ असे न विचारता ‘शेवटचे बिल कसे केले ते दाखवा’ असे म्हणायचे. मालक म्हणतो, सॉफ्टवेअर मीच वापरतो. प्रत्यक्षात संध्याकाळच्या गर्दीत बिले काउंटरवरचा मुलगा करतो. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख भरण्याइतका वेळ नसल्यामुळे तो ती मागाहून भरतो, आणि स्टॉकिस्टला मुदत संपलेला माल परत पाठवताना नेमका हाच घोळ उभा राहतो. वहीत नाव मालकाचे आहे, कारण पैसे त्याने दिले. विक्रीच्या नोंदींमधली ही सर्वांत मोठी फसगत आहे: वही खरेदीदार सांगते, वापरणारा सांगत नाही.

फसगत उलट बाजूनेही होते. समजा, मदतीच्या फोनांची तारीखवार मांडणी केली आणि महिन्याच्या ८ ते ११ तारखेला फोन दुप्पट झालेले दिसले. मासिक विवरण भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ अकरा तारखेपर्यंत द्यावे लागते, त्यामुळे कारण उघड आहे. मग नंबर पाहिले, तर चाळीसेक दुकानांचे फोन पाच-सहाच नंबरांवरून आलेले. हे हिशेबनीस, प्रत्येकाकडे सात-आठ दुकानांची पुस्तके. मालकांच्या मुलाखतीत त्यांचा उल्लेख जेमतेम येतो आणि विक्रीच्या वहीत त्यांच्या नावावर एक रुपयाही नाही. त्यांना भेटल्यावर कळते की दुकानदाराने कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हे पुष्कळदा तेच सुचवतात. या कंपनीची सर्वांत मोलाची पर्सोना ही आहे. नुसत्या मुलाखतींनी ती सापडली नसती, नुसत्या बिलांनीही नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला: दहा-बारा मुलाखतींवरून २४० जणांबद्दल काय बोलणार? किती जण असे आहेत, याबद्दल खरोखरच काही बोलता येत नाही. मुलाखतीने फक्त ‘असे घडते, या कारणाने’ एवढे द्यायचे. ‘किती’ हे वहीत मोजायचे. त्यासाठी पर्सोनाच्या प्रत्येक महत्त्वाच्या गुणाला वहीत एखादी खूण हवी. ‘हिशेबनीसावर अवलंबून’ याची खूण म्हणजे त्याच्या नंबरावरून आलेले फोन. ज्या गुणाला अशी खूण सापडत नाही, त्यापुढे ‘न मोजलेले’ असे लिहून ठेवावे.

दुसरा आक्षेप अधिक भेदक आहे आणि तो २००६ साली ख्रिस्तोफर चॅपमन आणि रसेल मिलहॅम यांनी मांडला. पर्सोनात जितके गुण घालाल तितकी तिच्याशी जुळणारी खरी माणसे कमी होतात. सहा गुण घेतले, प्रत्येक निम्म्या ग्राहकांत आढळतो आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरले, तर सगळे जुळणारा चौसष्टात एक. २४० दुकानांत चारही भरत नाहीत. अमेरिकी हवाई दलाला हा अनुभव १९५०च्या सुमारास आला होता. गिल्बर्ट डॅनियल्सने ४,०६३ वैमानिकांची दहा मापे तपासली, तेव्हा दहाही मापांत सरासरीच्या जवळ बसणारा एकही वैमानिक निघाला नाही. कूपरचे समर्थक म्हणतात, पर्सोना सरासरी नसते, ती नमुना असते. हे उत्तर अर्धेच पुरते, कारण नमुना तरी कोणाचा, हा प्रश्न उरतोच. माझे उत्तर असे की पर्सोनाचे वर्णन दोन किंवा तीन गुणांवर उभे करावे, आणि ते गुण असे असावेत की बदलले तर सॉफ्टवेअर बदलावे लागेल. बिल करणारा मालक की नोकर, हिशेबनीस आहे की नाही, दुकान एक की अनेक. प्रत्यक्ष जीवनात गुण स्वतंत्र नसतातच, म्हणून गुणाकार करत न बसता वहीतली दुकाने एकेक करून मोजावीत. तिन्ही गुण जुळणारी साठ निघाली तर पर्सोना ठेवा, चार निघाली तर फाडून टाका, मग तिची मुलाखत कितीही रंगलेली असो.

आणि ही मोजणी दर नूतनीकरणाच्या मोसमानंतर पुन्हा करा. साठाची चाळीस झाली असतील, तर गेलेल्या वीस दुकानांपैकी निदान तिघांना फोन लावा आणि पुढची मुलाखत त्यांची घ्या.