बेकन, सिगरेट आणि अठरा टक्के

परवा बाबांचा फोन आला. "अरे, सॉसेज आणि सिगरेट एकाच यादीत आहेत म्हणे. तू बंद कर ते." मी आठवड्यातून तीन-चारदा नाश्त्याला सॉसेज खातो ही बातमी आईने पोचवलेली. बाबा स्वतः चाळीस वर्षं सिगरेट ओढतायत, ते सोडा. पण म्हटलं, भानगड मुळातून बघूया.

गोष्ट २०१५ची. फ्रान्समधल्या लियाँला जागतिक आरोग्य संघटनेची आयएआरसी ही कर्करोग संशोधन संस्था आहे. तिथे १० देशांच्या २२ तज्ज्ञांनी आठशेहून जास्त अभ्यास चाळले आणि २६ ऑक्टोबरला निकाल दिला. प्रोसेस्ड मीट, म्हणजे खारवून, धुरी देऊन वगैरे टिकवलेलं मांस (आपलं गोव्याचं चोरीसही त्यातच), गट १ मध्ये. गट १ मध्ये तंबाखूही आहे. झालं! पेपरवाल्यांनी बेकन सिगरेटच्या शेजारी नेऊन बसवलं.

आता आपल्या भाषेत सांगतो. गट १ म्हणजे 'बग कन्फर्म्ड'. सिव्हिरिटी किती, हे तो गट सांगतच नाही. एका बगने बटणाचा रंग चुकतो, दुसऱ्याने अख्खा सर्व्हर झोपतो, पण कन्फर्म्ड दोन्ही.

मग सिव्हिरिटी किती? रोज ५० ग्रॅम प्रोसेस्ड मीटमागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज. हा झाला सापेक्ष धोका. पण १८ टक्के कशाचे? इथेच सगळे घसरतात. ब्रिटनमध्ये तेव्हा एका कर्करोग संस्थेने हिशोब मांडला होता. सगळ्यात कमी प्रोसेस्ड मीट खाणाऱ्या हजार जणांत आयुष्यभरात सुमारे ५६ जणांना हा कर्करोग होतो, सगळ्यात जास्त खाणाऱ्यांत ६६ जणांना. छप्पन्नचे अठरा टक्के काढा, दहा येतात. म्हणजे हजारात दहा जास्त. हा निरपेक्ष धोका. मूळ आकडा ५६ऐवजी १० असता, तर तेच १८ टक्के म्हणजे जेमतेम दोन माणसं.

अर्थात दहा म्हणजे शून्य नव्हे, त्या दहांत कुणाचे तरी बाबा असतातच. शिवाय हे अभ्यास बहुतेक निरीक्षणाचे. भरपूर बेकन खाणारा माणूस अनेकदा सिगरेटही जास्त ओढतो आणि चालतो कमी. हे वेगळं काढायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण निघत नाही. ताज्या लाल मांसाला म्हणूनच एक पायरी खालचा गट मिळाला, २अ, 'बहुधा'. आपलं रविवारचं बोकडाचं मटण त्यात येतं.

आणि सिगरेट? फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका तिने १५ ते ३० पट होतो. टक्के नव्हे, पट.

रात्री बाबांना फोन लावला. म्हटलं, सॉसेज आठवड्यातून एकदाच खाईन, कबूल. आता तुमच्या पाकिटाचं बोलूया का? "उद्या बोलू," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.