भागाकार आणि वजाबाकी

मागच्या वर्षी एका कंपनीसाठी मी शाखांचा डॅशबोर्ड लिहिला. शाखाप्रमुखांची क्रमवारी लावायचं सूत्र सोपं होतं: नफा भागिले गुंतवलेलं भांडवल. मग पहिल्या नंबरच्या शाखेने चांगलं चालणारं नवं यंत्र घ्यायला नकार दिला, आणि हा भागाकार मुळात आला कुठून ते मी शोधू लागलो.

तो आला ड्यू पाँ या अमेरिकी स्फोटकं बनवणाऱ्या कंपनीतून. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डोनाल्डसन ब्राऊनने (शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनियर, म्हणजे आमच्यातलाच) परताव्याची फोड केली. विक्रीवर किती टक्के नफा सुटतो आणि भांडवल वर्षातून किती वेळा फिरतं, या दोहोंचा गुणाकार म्हणजे परतावा. वेगवेगळे धंदे एका फूटपट्टीवर आले. पण पैसा कुठे घालायचा हे तेव्हा वरची मंडळी ठरवत. 1921 मध्ये ब्राऊन जनरल मोटर्समध्ये गेला, फूटपट्टीही गेली. पुढे विभागप्रमुखांच्या हाती निर्णय आले आणि त्याच आकड्यावर त्यांची पारख होऊ लागली, तेव्हा खोट दिसली.

आमच्या शाखेचंच बघा. भांडवल 100 लाख, नफा 25 लाख, परतावा 25 टक्के. यंत्र 20 लाखांचं, त्यातून वर्षाला 3.6 लाख, म्हणजे 18 टक्के. कंपनीला भांडवल 12 टक्क्यांनी पडतं, म्हणजे यंत्र फायद्याचंच. पण घेतलं की शाखेचा परतावा 23.8 वर घसरतो. उलट 20 टक्के कमावणारी 20 लाखांची जुनी मालमत्ता विकली, तर तो 26.25 वर चढतो! माणूस आळशी नव्हता. मी लिहिलेलं सूत्र त्याला हेच सांगत होतं.

1950च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने भागाकाराऐवजी वजाबाकी वापरली: नफ्यातून भांडवलाचा आकार वजा करून जे उरतं ते, रेसिड्युअल इन्कम. आमच्या शाखेत 25 वजा 12, उरले 13 लाख. यंत्र घेतल्यावर 28.6 वजा 14.4, म्हणजे 14.2. आता घ्यायलाच हवं. जुनी मालमत्ता विकली तर मात्र उरतात 11.4.

मी सूत्र बदललं, तर दुसऱ्याच दिवशी सगळ्यात मोठी शाखा पहिली आली. साहजिकच आहे, उरलेले रुपये मोजले की आकारानेच बाजी मारता येते. म्हणून आता मी प्रत्येक शाखेची तुलना तिच्याच गेल्या वर्षाशी करतो.

दुसरी अडचण तशीच आहे. यंत्र नवं असताना पुस्तकी किंमत जास्त, म्हणून आकारही जास्त; पहिली दोन-तीन वर्षं आकडा वाईट दिसू शकतो. दोन वर्षांत बदली होणारा शाखाप्रमुख ते यंत्र कशाला घेईल? आणि घसारा होत होत पुस्तकी किंमत शून्याकडे गेलेली जुनाट यंत्रं दोन्ही सूत्रांत छान दिसतात. त्यामुळे मी यंत्रांच्या सरासरी वयाचा एक रकाना जोडलाय. आकडा चढतोय आणि वयही चढतंय, अशा तीन शाखा पहिल्याच दिवशी निघाल्या.