क्रोमा की

निवेदकामागे एकाच रंगाचे सपाट कापड लावून चित्रण करायचे, मग संगणकाकडून तेवढा रंग पारदर्शक करून घ्यायचा आणि त्या जागी दुसरे चित्र बसवायचे, या पद्धतीला क्रोमा की म्हणतात. चित्रपटात तिची सुरुवात निळ्या पडद्यापासून झाली. लॅरी बटलर यांनी 1940 च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये ती रंगीत चित्रपटासाठी वापरली. आज तेच काम साधे सुती कापड, घरातल्या एलईडी ट्यूब आणि मोफत मिळणारे सॉफ्टवेअर यांवर होते. या नोंदीत भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतल्या शाळेच्या वर्गात किंवा ग्रंथालयाच्या खोलीत बसवता येईल अशी मांडणी दिली आहे. उदाहरण म्हणून राजगडाच्या तीन माच्या समजावून सांगणारी चित्रफीत घेतली आहे.

गड जवळ असताना मागे त्याचे चित्र कशाला जोडायचे, असा प्रश्न इथे साहजिक आहे. उत्तर पावसात आहे. जून ते सप्टेंबर राजगड आणि तोरणा बहुतेक वेळ ढगात असतात. गडावर उभे राहून बोलावे तर वाऱ्याने आवाज खराब होतो. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी छायाचित्र काढून ठेवायचे आणि बोलणे पावसाळ्यात खोलीत बसून चित्रित करायचे, ही विभागणी इथे खरोखर उपयोगाची आहे. गडावरचा एखादा दरवाजा किंवा तटातला चिलखती बुरूज जवळून दाखवायचा असेल, तर मात्र क्रोमा कीच्या वाटेला जाऊ नये. तिथे प्रत्यक्ष जाऊनच चित्रण करावे.

रंगाची निवड. हिरवा रंग जास्त वापरला जातो, त्याची कारणे दोन. माणसाच्या त्वचेत हिरवा कमी असतो. शिवाय फोनच्या कॅमेऱ्याच्या संवेदकावर प्रत्येक चार बिंदूंपैकी दोन हिरवा प्रकाश टिपणारे असतात, त्यामुळे हिरव्या रंगात खरखर कमी येते. पण आपल्याकडे निवेदिकेच्या हातात हिरव्या बांगड्या असण्याची शक्यता मोठी आहे. हिरव्या पडद्यापुढे त्या बांगड्या नाहीशा होतात आणि मनगटातून मागचा डोंगर दिसू लागतो. हात सतत हलत असल्याने तेवढा भाग वेगळा झाकून वाचवणेही अवघड जाते. हिरव्या काठाची साडी, टेबलावरची तुळस यांचेही तेच. म्हणून कापड घेण्याआधी कॅमेऱ्यासमोर कोण येणार आणि काय नेसून येणार हे विचारावे. बांगड्या काढायला सांगण्यापेक्षा निळे कापड घेणे केव्हाही बरे. निळ्याला प्रकाश थोडा जास्त लागतो आणि निवेदकाच्या अंगावर निळे कपडे चालत नाहीत, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

कापड. चमक नसलेले सुती पॉपलीन चांगले. साटीनवर किंवा चकाकणाऱ्या अस्तराच्या कापडावर ट्यूबचे पांढरे पट्टे उमटतात. त्या पट्ट्यांत रंगच उरत नाही, मग सॉफ्टवेअरला ओळखायला काही राहत नाही. पातळ कापडातून मागची भिंत डोकावत असेल तर ते दुहेरी करावे. चुण्या हा सर्वात नेहमीचा दोष. प्रत्येक चुणीला एक उजळ आणि एक काळी बाजू असते. कापडाला इस्त्री करावी, वरच्या कडेला नेफा शिवून त्यात काठी घालावी आणि खालची व बाजूच्या कडा चिमट्यांनी ताणून धराव्यात. शिवण डोक्यामागे येऊ देऊ नये.

कापड किती लागेल, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. कॅमेऱ्यापासून निवेदक 2 मीटरवर आणि त्याच्या मागे 1.5 मीटरवर कापड, म्हणजे कॅमेऱ्यापासून 3.5 मीटरवर कापड, अशी मांडणी धरू. 44 इंच पन्ह्याचे दोन तुकडे जोडले की रुंदी सुमारे 2.2 मीटर होते. पण कापड लांब असल्याने निवेदकाच्या अंतरावर ते जेमतेम सव्वा मीटर रुंदी झाकते. नुसते बसून बोलायचे असेल तर तेवढे पुरते. हात पसरून सुवेळा माची दाखवायची असेल तर बोटे कापडाबाहेर जातात. अशा वेळी तिसरा पन्हा जोडावा, म्हणजे निवेदकाच्या जागी सुमारे 1.9 मीटर रुंदी मिळते. संपूर्ण चौकट कापडाने भरलीच पाहिजे असे नाही. निवेदकाचे डोके, हात आणि त्यांची हालचाल कापडाच्या आत राहिली की बाहेर दिसणारी भिंत, खिडकी, फळा हे सगळे नंतर कापून टाकता येते.

प्रकाश. पडद्याचा प्रकाश वेगळा आणि माणसाचा वेगळा. हा नियम पाळला की निम्म्याहून जास्त अडचणी येतच नाहीत. कापडाच्या दोन्ही बाजूंना, त्यापासून साधारण एक मीटरवर, चार फुटी एलईडी ट्यूब उभ्या बांधाव्यात आणि कापडाकडे तिरक्या वळवाव्यात. डावी ट्यूब उजव्या अर्ध्याकडे आणि उजवी डाव्या अर्ध्याकडे रोखली की मधला भाग काळवंडत नाही. ट्यूबचा उजेड थेट निवेदकावर पडू नये म्हणून मध्ये पुठ्ठा लावावा. कापड भगभगीत करायचे नसते. ते सगळीकडे सारखे दिसले पाहिजे आणि चेहऱ्यापेक्षा किंचित कमी उजळ असले तरी चालते.

निवेदक आणि कापड यांच्यातले दीड मीटर दोन कामे करतात. निवेदकाची सावली कापडावर पडत नाही आणि कापडावरून उसळलेला हिरवा उजेड त्याच्या अंगावर येत नाही. ही हिरवी झाक गालाच्या कडेला, चष्म्याच्या काचेवर, तेल लावलेल्या केसांवर आणि पांढऱ्या गजऱ्यावर आधी दिसते. जागा कमी असेल तर कॅमेरा पुढे घ्यावा, पण हे अंतर कमी करू नये.

खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड इथे त्रासदायक ठरतो. पावसाळ्यात ढग सरकले की काही मिनिटांत खोली उजळते आणि पुन्हा काळवंडते. सुरुवातीला बरोबर बसवलेले आकडे त्यामुळे शेवटपर्यंत टिकत नाहीत. खिडक्या लावून घ्याव्यात आणि फक्त ट्यूबवर काम करावे.

फोन. फोन तिवईवर घट्ट बसवावा. मोफत मिळणाऱ्या Open Camera या अॅपमध्ये एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स एका जागी कुलूपबंद करता येतात. तसे केले नाही तर निवेदकाने हात पुढे आणताच फोन स्वतःहून उजेड बदलतो आणि पडद्याचा हिरवाही बदलतो. आपल्या विजेचा पुरवठा 50 हर्ट्‌झचा असल्याने स्वस्त ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवले की चित्रावर पट्टे येत नाहीत. फोन चित्रातला रंग उजेडापेक्षा कमी तपशिलात साठवतो: 1920 × 1080 च्या चित्रात रंगाची नोंद 960 × 540 एवढीच असते. केसांच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात त्या यामुळे. फोनमध्ये 4K असेल तर त्यात चित्रण करून शेवटची फीत 1080 मध्ये काढावी, कडा लगेच सुधारतात.

सॉफ्टवेअर. OBS Studio मोफत आहे आणि या कामाला पुरेसे आहे. त्यात फोनवरची फीत Media Source म्हणून घ्यावी आणि यादीत तिच्या खाली Color Source ठेवून त्याला भडक गुलाबी रंग द्यावा. गडाचे चित्र आधी लावू नये, कारण डोंगराच्या करड्या-हिरव्या रंगात दोष लपतात आणि गुलाबीवर ते लगेच उघडे पडतात. फितीवर उजवी कळ दाबून Filters उघडावे. आधी Crop/Pad ने कापडाबाहेरचा भाग कापावा, मग Chroma Key जोडावे. Key Color Type मध्ये Custom निवडून आपल्या कापडाचा खरा रंग द्यावा. तयार दिलेला हिरवा आपल्या कापडाशी क्वचितच जुळतो.

Similarity चा आकडा मुळात 400 असतो. तो 100 च्या आसपास उतरवून हळूहळू वाढवावा. कापड नाहीसे होऊ लागते आणि शेवटी काही ठिगळे उरतात. ती नेमकी कुठे उरली ते पाहावे, कारण प्रकाशाचा दोष तिथेच आहे. OBS ची ही गाळणी उजेडाकडे न बघता रंग मूळ रंगापासून किती दूर आहे ते मोजते, त्यामुळे थोडा कमी उजेड ती सोसते. दाट सावलीत मात्र हिरवा रंगच करडा होतो आणि ठिगळ जात नाही. ते घालवण्यासाठी आकडा वाढवत राहिले की निवेदकाचे खांदे आणि केस विरळ होऊन त्यातून गुलाबी दिसू लागते. तसे झाले तर आकडा मागे घ्यावा, उठून ट्यूब सरकवावी आणि पुन्हा चित्रण करावे. सॉफ्टवेअरमध्ये तासभर झगडण्यापेक्षा यात वेळ कमी जातो. Smoothness कडा मऊ करते आणि Key Color Spill Reduction हिरवी झाक उतरवते. दुसरा आकडा फार वाढवला तर चेहरा फिकट पडतो.

चित्राशी मेळ. कडा स्वच्छ असूनही जोडलेले चित्र खोटे वाटते, त्याचे कारण बहुतेक वेळा प्रकाशाच्या दिशेत असते. राजगडाचे छायाचित्र उत्तरेकडून, सकाळी काढले आहे असे धरू. कॅमेरा दक्षिणेकडे पाहतो, म्हणून पूर्वेची सुवेळा माची चित्रात डावीकडे, संजीवनी उजवीकडे, पद्मावती अलीकडे आणि बालेकिल्ला मध्ये येतो. ऊनही पूर्वेकडून, म्हणजे चित्राच्या डावीकडून पडलेले असते. तेव्हा निवेदकाच्या चेहऱ्यावरचा मुख्य दिवा कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूलाच हवा. निवेदक कॅमेऱ्याकडे तोंड करून असल्याने सुवेळा दाखवताना त्याने उजवा हात उचलायचा असतो. हे आधी ठरवले नाही तर जवळजवळ प्रत्येक जण चुकीचा हात उचलतो. कॅमेऱ्याशेजारी छायाचित्राची छापील प्रत टांगून ठेवली तरी सराव होतो, फक्त तिच्यावर डावे-उजवे उलट करून लिहावे. छायाचित्र किंचित धूसर करावे, कारण दूरचा डोंगर निवेदकाइतका रेखीव दिसत नसतो.

मर्यादा. पाण्याचा पेला, धूर, झिरझिरीत ओढणी, वाऱ्याने उडणारे मोकळे केस यांच्यातून मागचा रंग दिसतो. साध्या मांडणीत ते नीट सुटत नाहीत. अशा वस्तू चौकटीत आणूच नयेत.

छायाचित्र शक्यतो स्वतः काढलेले असावे. दुसऱ्याचे असेल तर त्याची परवानगी घ्यावी. गडाची डागडुजी, पडझड आणि वाटा वर्षागणिक बदलतात आणि पाहणारा मागचे चित्र आजचे समजतो. म्हणून पार्श्वभूमी जोडलेली आहे हे, आणि छायाचित्र कोणत्या महिन्यात, कोणत्या दिशेने काढले ते फितीच्या सुरुवातीला पडद्यावर लिहावे.