एमडीएमए: उपचारातले आणि पार्टीतले

पार्टीतली गोळी पीटीएसडीवर औषध ठरतेय, असे तुम्ही वाचले असेल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १०४ रुग्ण होते. तपासणीनंतर निम्म्यांना शुद्ध, मोजलेली मात्रा महिन्याच्या अंतराने तीनदाच दिली. प्रत्येक वेळी थेरपिस्ट सुमारे आठ तास सोबत होते. त्यांपैकी ७१ टक्के रुग्णांत पीटीएसडीचे निकष उरले नाहीत. तीच थेरपी आणि औषध नसलेली गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते.

पण आपल्याला खरे औषध मिळाले का, हे बहुतेकांनी ओळखले. मग गुण औषधाचा की अपेक्षेचा? २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मंजुरी न देता आणखी एक चाचणी मागितली.

पार्टीतल्या गोळीत नेमके काय, किती, हे कळत नाही. नाचताना शरीर तापते. भरमसाट पाण्याने रक्तातले सोडियम घटते. अंग खूप तापले, भान हरपले किंवा झटके आले तर लगेच रुग्णालय गाठा.