मोटारचालकांचे कामाचे तास : १९३९ ते १९६१

मालमोटारीच्या चालकाने दिवसाकाठी किती तास काम करावे, या प्रश्नाचे उत्तर १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या पासष्टाव्या कलमात प्रथमतः तीन आकड्यांत दिलेले होते. सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला चौपन्न तास ही ती मर्यादा होय. तिची जबाबदारी या कलमाने मालकावर ठेवली होती. कामाच्या वेळा आगाऊ ठरवून त्यांची नोंद ठेवावयास मालकास भाग पाडण्याचा अधिकारही सरकारला मिळाला होता. म्हणजे प्रवासाची आखणी हा मालकाच्या मर्जीचा विषय राहू नये, असा या तरतुदीचा रोख दिसतो.

ही आखणी कशी होत असेल, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. पुण्याहून कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर आहे. ताशी सरासरी ३० किलोमीटर वेग धरल्यास नुसते चालविण्यास सात तास चाळीस मिनिटे लागतात. चालक पहाटे चारपासून दोन तास माल भरीत असेल, तर त्याचे पाच तास सकाळी नऊ वाजताच भरतात आणि त्याला तेथे थांबणे प्राप्त होते. साडेनऊला निघून दुपारी दीड वाजता त्याचे नऊ तास संपतात; कोल्हापूर मात्र अद्याप २० किलोमीटर दूर असते. केवळ चाकांचे तास मोजणाऱ्या मालकास ही मर्यादा मोडल्याचे कळणारही नाही. माल आदल्या दिवशी भरणे किंवा हमालांवर सोपविणे, हाच यावर उपाय होता.

परंतु कलमात एक पळवाटही होती. चालक काम करीत नसला, तरी त्याला गाडीजवळ राहणे भाग असेल, तर तो काळ कोणत्या परिस्थितीत विश्रांती मानावा हे सरकार ठरवू शके. जकात नाक्यावर मालाची राखण करीत काढलेला तास अशा रीतीने कागदोपत्री विश्रांती ठरू शकत होता. शरीराचा शीण त्याने उतरत नसे. शिवाय दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग झोपेची हमी या कलमात नव्हती. ब्रिटनच्या १९३० च्या कायद्याने चोवीस तासांत सलग दहा तासांची विश्रांती सांगितली होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

ही उणीव १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने बऱ्याच अंशी भरून काढली. त्याने दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरविले, विश्रांतीसह कामाचा एकूण पसारा सर्वसाधारणपणे बारा तासांवर आणला आणि दोन दिवसांच्या कामांत सलग नऊ तासांचे अंतर आवश्यक केले. तथापि तो मूलतः पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांनाच लागू होता. एकच गाडी बाळगणारा मालक व त्याचा चालक त्याच्या कक्षेबाहेर राहिले. त्याचप्रमाणे मध्यरात्रीनंतरच्या प्रहरी झोप अधिक अनावर होते, याची दखल दोन्ही कायद्यांच्या या मर्यादांत नाही. कामाचे तास मोजले गेले. ते दिवसाचे की रात्रीचे, हे मोजण्याबाहेरच राहिले.