अंडरव्होल्टिंग (ग्राफिक्स कार्डाचे)

ग्राफिक्स चिपची घड्याळगती जवळपास तीच ठेवून तिला दिला जाणारा विद्युतदाब कमी करणे. प्रत्येक चिप थोडी वेगळी उतरते. त्यातली दुबळी चिपही अडखळू नये म्हणून कारखान्यात सर्वांनाच जादा दाब ठरवून दिलेला असतो. ही उधळपट्टी कमी करता येते. चिपची बदलती वीजखपत दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने १.०५ व्होल्टऐवजी ०.८७५ व्होल्ट दिल्यास, गती तीच असताना, ही खपत सुमारे ३० टक्क्यांनी घटते. मेमरीची खपत मात्र तशीच राहते.

२०२० च्या आरटीएक्स ३०८० या ३२० वॅटच्या कार्डावर हे आफ्टरबर्नर प्रणालीत करतात. Ctrl+F दाबून दाब-गतीचा आलेख उघडायचा, ८७५ मिलिव्होल्टचा बिंदू उदाहरणार्थ १८६० मेगाहर्ट्झवर न्यायचा आणि पुढचा आलेख सपाट करायचा. पूर्वी वीजमर्यादेमुळे गती खाली येत असेल, तर फ्रेमदर किंचित वाढतोही.

दाब फार कमी झाला की चित्रात ठिपके चमकतात, खेळ बंद पडतो किंवा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. साध्या चाचणीत टिकलेले कार्ड रे ट्रेसिंगच्या खेळात कोसळू शकते. तेव्हा गती १५ मेगाहर्ट्झने उतरवावी किंवा दाब थोडा वाढवावा.